नोटीस पिरियड आणि बॉन्ड: पहिल्या नोकरीचं पत्र वाचताना

पहिली नोकरी लागते तेव्हा हातात आधी ऑफर लेटर येतं. ते दोन-तीन पानांचं असतं आणि त्यात सगळ्यांची नजर पगाराच्या आकड्यावर जाते. खरा करार येतो रुजू व्हायच्या दिवशी. बारा-पंधरा पानांचं अपॉइंटमेंट लेटर, लॅपटॉप घ्यायची रांग, आयडी कार्डाचा फोटो, आणि या गडबडीत मोबाइलवर आलेल्या लिंकवर केलेली सही. नोकरी सोडायची वेळ आली की तीच पानं बाहेर निघतात, आणि तेव्हा त्यातल्या दोन कलमांवर सगळं येऊन थांबतं: नोटीस पिरियड आणि बॉन्ड.

ही दोन कलमं वेगळी आहेत आणि नव्या मुलांची पहिली गल्लत इथेच होते. म्हणून एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, लातूरची एक मुलगी इंजिनिअर झाली आणि हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. सीटीसी, म्हणजे कंपनीला तिच्यावर येणारा एकूण खर्च, वर्षाला ४ लाख २० हजार. महिन्याला ३५,०००. तिच्या पत्रातलं इंग्रजी मराठीत सांगायचं तर पहिलं कलम असं आहे: "नोकरीत कायम झाल्यावर राजीनामा देताना कर्मचाऱ्याने ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी किंवा कमी पडलेल्या दिवसांचा पगार भरावा. नोटिशीऐवजी पगार स्वीकारायचा की नाही, हे कंपनी ठरवील." दुसरं कलम: "रुजू झाल्यापासून २४ महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाच्या खर्चापोटी १,५०,००० रुपये कंपनीला द्यावे लागतील."

नोटीस म्हणजे जाण्याआधी किती दिवस सांगायचं. हे कलम नोकरी आहे तोवर लागू असतं, मग तुम्ही दोन वर्षांनी सोडा नाहीतर बारा वर्षांनी. बॉन्ड म्हणजे किमान किती काळ राहायचं. चोविसावा महिना संपला की तो आपोआप संपतो. पण चोविसाव्या महिन्याच्या आत सोडलं तर दोन्ही एकदम लागू होतात. बॉन्डचे पैसे भरले म्हणून नोटीस माफ होत नाही आणि पूर्ण ९० दिवस काम केलं म्हणून बॉन्ड सुटत नाही. "नोटीस सर्व्ह केली की झालं" असं मित्र सांगतात, ते बॉन्ड नसलेल्या नोकरीपुरतंच खरं आहे.

नोटिशीच्या कलमात काय पाहायचं

आधी प्रोबेशन. बहुतेक पत्रांत पहिले सहा महिने प्रोबेशन असतं आणि त्या काळात नोटीस कमी असते, पंधरा दिवस किंवा महिना. पुढचं वाक्य मात्र बारकाईने वाचा. "सहा महिन्यांनंतर कायम" असं लिहिलंय, की "लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत प्रोबेशन चालू राहील" असं? दुसरं असेल आणि कन्फर्मेशनचा मेल कधी आलाच नसेल, तर दहाव्या महिन्यातही तुमची नोटीस प्रोबेशनवालीच आहे, असं तुम्ही म्हणू शकता. एचआरला हे आवडत नाही, पण पत्र त्यांनीच लिहिलेलं असतं.

मग ते "किंवा". ९० दिवस काम करा किंवा पैसे भरा, ही निवड कोणाची? नुसतं "किंवा" असेल तर निवड तुमची. पण आपल्या उदाहरणात पुढे "कंपनी ठरवील" असं आहे. म्हणजे पैसे भरून लवकर निघायची वाट कंपनीने होकार दिला तरच मोकळी. नव्या कंपनीला "मी महिन्याभरात येते" असं कळवण्याआधी हे वाक्य वाचलेलं असायला हवं.

तिसरी गोष्ट पैशाची. "कमी पडलेल्या दिवसांचा पगार" म्हणजे कुठला पगार? या मुलीच्या ३५,००० सीटीसीत बेसिक १७,५०० आहे. कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ८४२ बाजूला काढली की ग्रॉस उरतो ३२,३५८. त्यातून तिचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ३०,३५८. आता ती ३० दिवस काम करून निघाली आणि ६० दिवस कमी पडले, तर बेसिकवर हिशोब ३५,००० चा, ग्रॉसवर ६४,७१६ चा आणि सीटीसीवर थेट ७०,००० चा. तेवढेच साठ दिवस, पण एका शब्दाने रक्कम दुप्पट होते. पत्रात "बेसिक" लिहिलं असेल तर पुढचा वाद मिटला. नुसतं "पगार" लिहिलं असेल तर सही करण्याआधी मेलवर विचारा: नोटिशीची वसुली बेसिकवर होते की ग्रॉसवर? रुजू होतानाच्या प्रश्नाला एचआर सहसा सरळ उत्तर देतं आणि ते उत्तर लेखी राहतं.

त्याच मेलमध्ये आणखी एक विचारून घ्या: नोटिशीच्या काळात घेतलेली रजा ९० दिवसांत धरतात, की तेवढे दिवस पुढे ढकलतात? अनेक कंपन्या पुढे ढकलतात. घरी लग्न असलं तर आठवडाभराच्या रजेने शेवटचा दिवस आठवडाभर पुढे जातो आणि नव्या नोकरीची तारीख हुकते.

कंपनीने तुम्हाला काढायचं ठरवलं तर तिला किती दिवसांची नोटीस द्यावी लागेल, तेही बघा. तुमच्याकडून ९० आणि कंपनीकडून ३०, अशी पत्रं मी भरपूर पाहिली आहेत. फ्रेशरला हे बदलून मिळणं अवघड आहे, हे मान्य. पण पुढे कधी आयत्या वेळी कळण्यापेक्षा आत्ता माहीत असलेलं बरं.

बॉन्डमधला दीड लाख

दीड लाख लिहून घेतले म्हणजे ते द्यावेच लागतात, असं मुलांना वाटतं. आईवडील तर हमखास धास्तावतात, कारण कागद स्टॅम्प पेपरवर असतो. महाराष्ट्रात आता हा स्टॅम्प पेपर ५०० रुपयांचा असतो. पण स्टॅम्प पेपरमुळे एवढंच होतं की त्या कागदावरची मुद्रांक शुल्काची अडचण दूर होते. आतली अट न्याय्य आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

ते ठरतं भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ वरून. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी, असं करारात लिहिलेलं असेल तर समोरच्याला वाजवी भरपाई मिळते, आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे कराराने लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे. दीड लाखांच्या वर कंपनी मागू शकत नाही, आणि दीड लाख आपोआप मिळतील असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या एका भूखंडाच्या प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागेल. ते मोजणं अशक्य किंवा फार अवघड असेल तरच आधी ठरवलेली रक्कम चालेल, तीही नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असेल तर. धाक म्हणून लिहिलेली असेल तर नाही.

म्हणून बॉन्डच्या बाबतीत मुख्य प्रश्न हा की कंपनीने तुमच्यावर नक्की काय खर्च केला. आपल्या उदाहरणातल्या मुलीला सहा आठवडे कंपनीतच ट्रेनिंग होतं. शिकवणारे कंपनीचेच सीनियर, बॅचमध्ये चाळीस जण, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत तिने प्रोजेक्टचं टेस्टिंगही केलं. इथे डोकी दीड लाखाचा खर्च दाखवणं कंपनीला जड जाईल. याउलट कंपनीने बाहेरच्या संस्थेची फी भरून सर्टिफिकेशन करून दिलं असेल किंवा परदेशात सहा महिने पाठवलं असेल, तर पावत्या असतात आणि बॉन्ड भक्कम असतो. तुमच्यावर नक्की कुठल्या प्रकारचा खर्च झालाय, ते स्वतःशी खरं बोलून ठरवा. परदेशात शिकून येऊन महिन्याभरात सोडलं आणि "बॉन्ड बेकायदा असतो" म्हटलं, तर ते टिकणार नाही.

आणि बॉन्ड सरसकट बेकायदा नसतोच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या बाजूने निकाल दिला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरायचे, अशी अट होती. २००७ मध्ये लागलेल्या अधिकाऱ्याने २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, निषेध नोंदवून दोन लाख भरले आणि मग कोर्टात गेला. उच्च न्यायालयात तो जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. निकालातली कारणं महत्त्वाची आहेत. सरकारी बँकेला मन मानेल तसा माणूस घेता येत नाही. जाहिरात, परीक्षा, मुलाखती अशी लांब आणि खर्चिक भरती पुन्हा करावी लागते. शिवाय तो वरच्या श्रेणीचा अधिकारी होता आणि त्याच्या पगाराच्या मानाने दोन लाखांची अट इतकी जड नव्हती की राजीनामा देणंच अशक्य व्हावं. ही दोन्ही कारणं कॅम्पसमधून चाळीस जणांना एका दिवसात उचलणाऱ्या खासगी कंपनीला तशीच्या तशी लागू होत नाहीत. पण समोरचा वकील हा निकाल पुढे करणार, हे धरून चाला.

कंपनी काय करू शकते, काय नाही

नोकरी सोडणं हा गुन्हा नाही. हा दिवाणी मामला आहे, त्यामुळे "पोलीस केस करू" ही नुसती धमकी आहे. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ नुसार माणसाला अमुक मालकाकडे काम करच, असा हुकूम न्यायालय देत नाही. वाद होतो तो फक्त पैशाचा.

नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करण्यावर बंदी घालणारी अटही करार कायद्याच्या कलम २७ मुळे साधारणपणे टिकत नाही. पण नोकरीचा ठरलेला काळ चालू असताना गोष्ट वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर होता. टायरसाठीचा धागा बनवण्याची गुप्त प्रक्रिया तो तिथे शिकला आणि १९६४ मध्ये, करार चालू असतानाच, राजस्थानातल्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्याच्यावरची बंदी कायम ठेवली, पण फक्त कराराच्या उरलेल्या काळापुरती आणि तशाच कामापुरती. असं गुपित फ्रेशरच्या हाती सहसा नसतं. तरी कंपनीचा कोड किंवा ग्राहकांची यादी पेन ड्राइव्हवर घेऊन निघालात, तर सगळं चित्र तुमच्या विरोधात फिरेल.

मग कंपनीच्या हातात खरं काय असतं? एक म्हणजे रिलीव्हिंग लेटर, नोकरीतून रीतसर मोकळं केल्याचं पत्र. मला विचाराल तर कोर्टकचेरीपेक्षा हे मोठं हत्यार आहे. नव्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन या कागदावर अडतं. म्हणून कायद्याची बाजू तुमची असली तरी न सांगता गायब होऊ नका. "ॲब्स्कॉन्डिंग" असा शेरा एकदा सिस्टिममध्ये पडला की तो काढायला महिनोन्‌महिने लागतात.

दुसरं म्हणजे चेक. काही कंपन्या बॉन्डसोबत सहीचा कोरा चेक घेतात. ही एकच गोष्ट मी ठामपणे सांगीन: देऊ नका. कोऱ्या चेकवर रक्कम भरून तो बँकेत टाकला आणि तो परतला, तर पैसे मागणाऱ्या नोटिशीनंतर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. तिथे देणं होतं असं न्यायालय आधी गृहीत धरतं, आणि नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. एरवी नुकसान दाखवायची जबाबदारी कंपनीवर असते, चेकमुळे ती उलटून तुमच्या गळ्यात पडते. मूळ मार्कशीट आणि डिग्री यांचंही तेच. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायच्या आणि मूळ कागद घरी आणायचे. "लॉकरमध्ये सुरक्षित राहतील" असं सांगणाऱ्या कंपनीला नम्रपणे नाही म्हणा. तिथेच नोकरी जात असेल, तर तुमची डिग्री ओलीस ठेवणाऱ्या ठिकाणापासून आधीच वाचलात असं मी म्हणेन.

हिशोबाचा कागद

आता आपल्या मुलीकडे परत. तेरा महिने झाले, खराडीतल्या कंपनीने जास्त पगार दिला आणि महिन्याभरात बोलावलं. तिने राजीनामा मेलने दिला, तारीख घालून, मॅनेजर आणि एचआर दोघांना, आणि स्वतःच्या खासगी मेलवर एक प्रत ठेवली. ही प्रत महत्त्वाची, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा मेल बंद होतो. ३० दिवसांनी सोडायला कंपनीने होकार दिला आणि फुल अँड फायनलचा कागद पाठवला.

कंपनीचं देणं: शेवटच्या महिन्याचा ग्रॉस ३२,३५८ आणि शिल्लक बारा रजांचे, बेसिकवर, ७,०००. एकूण ३९,३५८. कपात: पीएफ १,८००, व्यवसाय कर २००, साठ दिवसांची नोटीस ग्रॉसवर ६४,७१६, बॉन्ड १,५०,०००, आणि नोटीस व बॉन्ड या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी ३८,६४९. एकूण कपात २,५५,३६५. म्हणजे तिलाच कंपनीला २,१६,००७ रुपये द्यायचे.

हा आकडा पाहून ती रडली तर नवल नाही. पण एकेक ओळ घेऊ.

जीएसटी आधी काढा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात (क्रमांक १७८/१०/२०२२) स्पष्ट केलंय की नोटीस न दिल्याबद्दल किंवा बॉन्ड मोडल्याबद्दल कर्मचाऱ्याकडून घेतलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही. मेलमध्ये परिपत्रकाचा क्रमांक लिहिला की ही ओळ बहुधा निमूटपणे गळते. उरले १,७७,३५८.

मग नोटीस. रुजू होताना तिने मेलवर विचारलं होतं आणि "बेसिकवर" असं उत्तर आलं होतं. तो मेल जोडला. ६४,७१६ चे ३५,००० झाले, उरले १,४७,६४२. तो मेल नसता तर हीच ओळ वादात गेली असती.

आता बॉन्ड. तिने खर्चाचा तपशील मागितला. तो आला नाही, "पॉलिसी आहे" एवढंच आलं. मग तिने मांडणी केली: चोविसपैकी चौदा महिने काम केलं, कंपनीला त्याचा फायदा मिळाला, उरले दहा. दीड लाखाच्या चोविसात दहा, म्हणजे ६२,५००. असं महिन्यांच्या प्रमाणात कमी करा, असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. पण वाजवी भरपाई म्हणजे काय, हे सांगायचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे आणि चर्चेत बऱ्याचदा इथेच येऊन ठरतं. ६२,५०० वर ठरलं तर तिचं देणं ६०,१४२ उरतं. नव्या कंपनीने नोटिशीचे ३५,००० दिले, ज्याला बायआउट म्हणतात, तर तिच्या खिशातून २५,१४२. बायआउटचे पैसे बहुतेक ठिकाणी आधी आपण भरून, पावती दाखवल्यावर मिळतात, आणि नवी कंपनी ते पगारात धरून त्यावर टीडीएस कापते. म्हणून नव्या ऑफर लेटरमध्ये रक्कम आणि तारीख लिहून घ्या, फोनवरच्या आश्वासनावर राहू नका.

पैसे भरताना "पूर्ण आणि अंतिम तडजोड, यापुढे बॉन्डपोटी काही देणं नाही" असं वाक्य असलेला मेल किंवा पत्र मागा, आणि रिलीव्हिंग लेटर कोणत्या तारखेला मिळेल ते त्यातच लिहून घ्या. आधी भरून मग मागितलं की टोलवाटोलवी सुरू होते. तडजोड झालीच नाही आणि वकिलाची नोटीस आली, तर ती दुर्लक्षून चालणार नाही. वकिलामार्फत एक पानाचं उत्तर द्या: खर्चाचा तपशील मागितला होता, मिळाला नाही, वाजवी रक्कम द्यायची तयारी दाखवली होती. करार मोडल्याबद्दल दावा लावायला कंपनीला तीन वर्षांची मुदत असते. तेवढा काळ सगळे मेल आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.

दोन गोष्टी कंपनीच्या हाती नसतात, त्याही माहीत असू द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचं केलेल्या कामाचं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं आहे. पंचेचाळीस दिवसांची जुनी सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून हे लेखी आठवून द्यावं लागतं. आणि पीएफ. तो पैसा कंपनीकडे नसून भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे असतो आणि बॉन्डच्या वसुलीसाठी कंपनी त्याला हात लावू शकत नाही. कंपनीने मुद्दाम नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हीच युएएनच्या पोर्टलवर आधारच्या ओटीपीने ती भरू शकता.